ना द्रव, ना वायू : कॅफीन काढणारा कार्बन डायऑक्साइड

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. बाबांचा सांगलीत हळदीचा व्यापार आहे. त्यांच्याबरोबर मसाल्यांचे अर्क काढणारा एक कारखाना पाहिला. तिथले इंजिनिअर म्हणाले, "या पाइपमधला कार्बन डायऑक्साइड द्रवही नाही आणि वायूही नाही. कॉफीतलं कॅफीन असंच काढतात." ते नीट कळलं नाही, पण डोक्यातून जातही नाही. हे शिकायचं तर केमिकल इंजिनिअरिंग घेऊ की बी.एस्सी. केमिस्ट्री? आणि बाबा विचारतायत, हळदीसाठी असं मशिन घेणं परवडेल का?

उत्तर : तुझ्या बाबांच्या गोदामात भिंतीला एखादा CO₂चा अग्निशामक सिलिंडर टांगलेला असेल. लांब काळा कर्णा असलेला. त्याच्यावर प्रेशर गेज नसतो, तो वजन करून तपासतात. कारण आत द्रव आणि वायू एकत्र नांदतात आणि थोडा गॅस उडून गेला तरी दाब तोच राहतो. थंडीत तो सिलिंडर हलवलास तर आत द्रव हिंदकळल्याचं जाणवतं. मे महिन्यात पारा चाळिशीला पोचला, की तेच हिंदकळणं गायब होतं. आतला माल कुठे गेलेला नसतो, पण त्याला आता पृष्ठभागच उरलेला नसतो. तुला त्या पाइपमध्ये जे दाखवलं, ते हेच.

कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान 31.1 अंश सेल्सिअस आणि क्रांतिक दाब सुमारे 74 बार. या दोन्हींच्या वर गेलं की कितीही दाबलं तरी त्याचा द्रव होत नाही. तो नुसता दाट होत जातो. मराठी परिभाषेत याला अतिक्रांतिक द्रायू म्हणतात, पण कारखान्यात सगळे 'सुपरक्रिटिकल'च म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. नोकरीच्या सुरुवातीला मी हे एका जाड काचेच्या खिडकीतून पाहिलं होतं. आत अर्ध्यापर्यंत द्रव, त्याच्यावर स्वच्छ रेघ. तापमान अर्ध्या-अर्ध्या अंशाने वाढवत नेलं. एकतीसच्या आसपास ती रेघ पुसट झाली, सगळ्या खिडकीत दुधासारखं धुकं भरलं आणि क्षणात निवळलं. उकळी नाही, बुडबुडा नाही. रेघ मात्र नव्हती.

तुझे इंजिनिअर 'ना हे, ना ते' म्हणाले. मी म्हणेन, दोन्हींकडून कामाचं तेवढं उचललेलं. घनता द्रवाच्या जवळ जाते, म्हणून पदार्थ विरघळवण्याची ताकद येते. चिकटपणा मात्र वायूच्या बाजूला राहतो. 40 अंश आणि 200 बारला त्याची घनता पाण्याच्या पाच-षष्ठांश असते, पण चिकटपणा पाण्याच्या जेमतेम आठवा हिस्सा. शिवाय पृष्ठताण नाही. त्यामुळे कॉफीच्या बीच्या ज्या बारीक छिद्रांत द्रव रखडतो, तिथे हा सहज शिरतो आणि विरघळलेले रेणू घेऊन लवकर बाहेर येतो.

पण खरी मजा पुढे आहे. तापमान 40 अंशांवर धरून नुसता दाब बदल. 80 बारला एक लिटर CO₂चं वजन साधारण 280 ग्रॅम, 100 बारला 630 आणि 200 बारला 840. म्हणजे 80 वरून 100 वर जाताना घनता दुपटीच्या वर उडी मारते. पुढे 300 बारपर्यंत नेलंस तरी 910च्या आसपास. विरघळवण्याची ताकद घनतेमागून चालते, म्हणजे ती दाबाच्या एका वॉल्व्हने कमी-जास्त करता येते. अशी सोय हेक्झेन किंवा ॲसिटोनमध्ये नाही. त्यांचा स्वभाव ठरलेला.

आता कॉफी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने कॅफीनमुक्त कॉफी बाजारात आणली, ती बेन्झीन वापरून. आज कुणी बेन्झीनला अन्नाच्या जवळही फिरकू देणार नाही. 1960च्या दशकात म्युलहाइममधल्या कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल दाबाखालचं एथिलीन वापरून मिश्रणं वेगळी करत होता. त्यातून त्याच्या लक्षात आलं, की क्रांतिक बिंदूच्या वरचे वायू उत्तम विद्रावक असतात. पुढे त्याने CO₂ने कॅफीन काढण्याची पद्धत बसवली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रेमेनमध्ये ती कारखान्यात चालू झाली.

ही पद्धत अशी चालते. पहिली गोष्ट म्हणजे, बी कच्चीच घेतात, हिरवी. भाजल्यावर जो घमघमाट येतो तो CO₂लाही आवडतो, तोही निघून जाईल. दुसरी, बी आधी वाफेने आणि पाण्याने भिजवून फुगवतात. कोरड्या बीवरून कितीही CO₂ सोडा, कॅफीन ढिम्म हलत नाही, कारण ते आत क्लोरोजेनिक आम्लाशी जखडलेलं असतं. पाणी ती पकड सैल करतं. मग 70 ते 90 अंश आणि 160 ते 220 बार अशा अवस्थेतला CO₂ बियांच्या थरातून काही तास फिरवतात. साखर, प्रथिनं, चव देणारी आम्लं या ध्रुवीय मंडळींना त्याच्यात विरघळता येत नाही, ती बीमध्येच राहतात.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तक पुढे म्हणतं, आता दाब कमी करा, कॅफीन खाली पडेल. मीही मुलाखतीत हेच उत्तर दिलं होतं. समोरच्या गृहस्थांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "हिशोब करा."

तूही कर. 100 किलो रोबस्टा घे. त्यात साधारण 2 टक्के, म्हणजे 2 किलो कॅफीन. भाजलेल्या कॉफीत ते 0.1 टक्क्यावर आणायचं, ही युरोपातली मर्यादा. म्हणजे सुमारे 1.9 किलो काढायचं. आता 200 बारच्या आसपास एक किलो CO₂मध्ये कॅफीन विरघळतं साधारण ग्रॅमभर. म्हणजे कागदावरसुद्धा 1,900 किलो CO₂ लागला. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट, कारण बी कॅफीन सुखासुखी सोडत नाही आणि बाहेर पडणारा CO₂ कधीच पुरता भरलेला नसतो. इतका CO₂ दर फेरीला 200 वरून 60 बारवर उतरवायचा, थंड करून द्रव करायचा, पुन्हा पंपाने 200 वर चढवायचा. विजेचं बिल पाहून मालक दुकान बंद करेल.

म्हणून कॉफीत दाब उतरवतच नाहीत. कॅफीनने लादलेला CO₂ तेवढ्याच दाबावर एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात आणि वरून पाणी. कॅफीनला CO₂पेक्षा पाणी जास्त प्रिय. ते पाण्यात उतरतं आणि धुतलेला CO₂ परत बियांकडे जातो. पंपाला फक्त पाइपातल्या घर्षणापुरतं ढकलावं लागतं. शिवाय तो ओला होऊन परततो, आणि आपल्याला बी ओलीच हवी असते. तळाच्या पाण्यातून कॅफीन वेगळं करून विकतात, त्याला शीतपेयवाले आणि औषधवाले गिऱ्हाईक असतात. काही ठिकाणी पाण्याऐवजी सक्रिय कोळसा वापरतात, पण त्यातून कॅफीन परत मिळवणं जिकिरीचं.

तुझ्या प्रवेशाचं उत्तर याच हिशोबात आहे. कॅफीन किती विरघळतं, पाण्याकडे का झुकतं, हे मोजणारा केमिस्ट. मनोरा किती उंच, CO₂ किती वेगाने, दाब कुठे उतरवायचा आणि कुठे नाही, हे ठरवणारा केमिकल इंजिनिअर. तुझ्या डोक्यात पाइप अडकलाय, बाटली नाही, म्हणून मी इंजिनिअरिंग म्हणेन. मुंबईची आयसीटी आणि नागपूरची एलआयटी या दोन्ही ठिकाणी केमिकल इंजिनिअरिंगही आहे आणि अन्न तंत्रज्ञानही. थर्मोडायनॅमिक्स आणि मास ट्रान्सफर हे दोन विषय तुला तिथे भेटतील. बहुतेक मुलं ते कसेबसे काढतात. तू काढू नकोस, मुरव. बी.एस्सी.ला गेलीस तरी दार बंद होत नाही, म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये अन्न तंत्रज्ञानात एम.एस्सी. करता येतं. पण फक्त सुपरक्रिटिकलवर नोकरी शोधायला निघशील तर वणवण होईल. असे प्लांट मोजके. औषध, तेल, मसाले यांतल्या एक्स्ट्रॅक्शनवर बेत आखावा, हे त्यातलं एक अंग.

काम कसं असतं तेही सांगतो. माझ्या पहिल्या प्लांटमध्ये एका रात्री विभाजकाच्या, म्हणजे दाब उतरवून अर्क वेगळा करतात त्या पात्राच्या, आधीचा वॉल्व्ह बंद पडला. बाहेरून पांढरा बर्फ, आत कोरड्या बर्फाचं बूच. दाब झपकन उतरला की CO₂ स्वतःच गारठतो, आणि वॉल्व्हचा हीटर कुणीतरी बंद ठेवला होता. वैतागून आम्ही पात्र घाईने रिकामं केलं. झाकण उघडल्यावर रबरी ओ-रिंग फोड आल्यासारखी फुगून तडकलेली. दाबाखाली CO₂ रबरात मुरलेला असतो, दाब एकदम सोडला की आतूनच फाडतो. त्यानंतर दाब सावकाश उतरवायचं अंगवळणी पडलं.

याहून छुपं दुखणं म्हणजे थरात पडलेली वाट. भुकटी फार बारीक असली की ती घट्ट बसते आणि CO₂ एकाच फटीतून पळतो. सुरुवातीला उतारा बरा दिसतो, मग फार लवकर मंदावतो. खात्री करायची तर चोथा बाहेर काढून रंग पाहायचा. एका बाजूला फिका, दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा असेल तर वाट पडली. चोथा सगळीकडे सारखा फिका असेल आणि तरीही उतारा हळू असेल, तर अडथळा कणाच्या आत आहे. तेव्हा CO₂चा प्रवाह वाढवून फक्त वीज जाते.

आता बाबांसाठी. हळदीचा पिवळा भाव ज्यावर ठरतो, ते कुर्क्युमिन CO₂मध्ये फारसं विरघळतच नाही. CO₂ काढतो ते हळदीचं तेल, टर्मेरोनवालं, आणि ते सुरेख निघतं. थोडं इथेनॉल मिसळून पिवळेपणाही थोडा ओढता येतो, पण मग CO₂चा मुख्य फायदा, म्हणजे मागे विद्रावकाचा लवलेश न राहणं, तो गेला. म्हणून कुर्क्युमिनसाठी बाजार अजून ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट असल्या विद्रावकांवरच चालतो. 300 बार झेलणारी स्टीलची पात्रं आणि पंप घेऊन कुर्क्युमिन काढायला बसणं आतबट्ट्याचं. हळदीच्या तेलाला पक्कं गिऱ्हाईक आधी हातात असेल, तर दुसऱ्याच्या प्लांटवर भाड्याने एक घाणा काढून बघावा. मशिन नंतर.

पुन्हा त्या कारखान्यात गेलीस तर इंजिनिअरला विचार, तुमच्या विभाजकात दाब किती बारवर उतरवता आणि तोच आकडा का. आकडा तो सहज सांगेल. 'का'चं उत्तर ऐकून मला कळव.