मल्टिपॉइंट असूनही बड्स दुसऱ्याच फोनचं ऐकतात, तेव्हा

प्रश्न: ऑफिसचा आणि माझा असे दोन अँड्रॉइड फोन आहेत. इअरबड्स दोन्हींना पेअर केलेत, मल्टिपॉइंट चालू आहे. तरी माझ्या फोनवर गाणी लावली की बड्स मधेच ऑफिसच्या फोनला जातात. कधी तर माझ्या फोनचा आवाजच येत नाही. रीसेट करूनही तेच. काय करू?

उत्तर: ऑफिसच्या फोनवर ब्लूटूथची यादी उघडा, बड्सच्या नावाशेजारचं गिअरचं चिन्ह दाबा आणि तिथलं `Media audio` बंद करा. `Phone calls` चालूच ठेवा. काही फोनवर यांची नावं नुसती `Audio` आणि `Calls` अशी असतात. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. पण हे का होतं ते कळलं तर पुढचा त्रासही वाचेल, म्हणून सविस्तर सांगतो.

फोन आणि बड्स यांच्यात आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा असतात. गाणी, व्हिडिओ, नोटिफिकेशनचे आवाज एका वाटेनं जातात, तिला ए२डीपी म्हणतात. कॉलचं बोलणं दुसऱ्या वाटेनं जातं, ती एचएफपी. मल्टिपॉइंट म्हणजे बड्स एकाच वेळी दोन फोनशी जोडलेले राहतात, इतकंच. दोन्ही फोनचा आवाज एकत्र वाजत नाही. एका क्षणी कानात एकाच फोनचा आवाज येतो आणि तो कोणाचा, हे बड्समधली चिप ठरवते. कॉलला गाण्यापेक्षा वरचा मान असतो, म्हणून ऑफिसच्या फोनवर कॉल आला की गाणं थांबणं हे बरोबरच आहे. खरी भांडणं गाण्यांच्या वाटेवरून होतात.

चिपला गाणं आणि टिकटिक यातला फरक कळत नाही. फोननं ही वाट उघडली की तिच्या दृष्टीनं तो फोन काहीतरी वाजवतोय. मग ते तीन मिनिटांचं गाणं असो, मेसेजची टिंग असो किंवा डायल पॅडवरचा आकडा दाबल्याचा आवाज असो. शिवाय आवाज संपल्याबरोबर फोन वाट बंद करत नाही, थोडा वेळ उघडी ठेवतो. म्हणून अर्ध्या सेकंदाच्या टिंगसाठी गाणं चांगलं दोन-तीन सेकंद गायब होतं.

यापुढचं वागणं प्रत्येक बड्सचं वेगळं. काही बड्स नंतर सुरू झालेल्या आवाजाकडे लगेच वळतात, तिथे गाणं मधेच तुटतं. काही बड्स आधी वाजणाऱ्याला सोडत नाहीत. तो फोन पॉज होईपर्यंत दुसऱ्याला दाद देत नाहीत, आणि तिथे तुमच्या फोनवर गाणं पुढे सरकताना दिसतं पण कानात काहीच येत नाही. तुमच्याकडे दोन्ही प्रकार होतायत, त्यामुळे एकदा तपासून घ्या.

मी हे एका संध्याकाळी दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवून तपासलं होतं. माझ्या फोनवर गाणं लावलं, ऑफिसच्या फोनला हात लावला नाही: पाच मिनिटं गाणं अखंड चाललं. मग ऑफिसच्या फोनवर डायल पॅड उघडून एक आकडा दाबला, गाणं तुटलं. साउंड सेटिंगमधलं `Dial pad tones` बंद करून पुन्हा दाबला, काही झालं नाही. सहकाऱ्याला चॅटवर मेसेज टाकायला सांगितलं, पुन्हा तुटलं. शेवटी व्हिडिओ आपोआप चालणारं एक ॲप उघडलं. व्हिडिओ म्यूट होते, तरी ॲप उघडं असेपर्यंत माझं गाणं कानात परत आलंच नाही. तोवर मी बड्सच खराब आहेत असं समजून दोनदा रीसेट केले होते, आणि बदलून आणायचं ठरवलं होतं. बड्समध्ये काहीच बिघाड नव्हता.

तुम्हीही याच क्रमानं पाहा. सगळ्यात आधी ऑफिसच्या फोनचं ब्लूटूथ पूर्ण बंद करून दहा मिनिटं ऐका. तेव्हाही आवाज तुटत असेल, तर प्रश्न मल्टिपॉइंटचा नाही, तो कमजोर सिग्नलचा किंवा बड्सचाच आहे. तेव्हा सुरळीत चाललं आणि ब्लूटूथ चालू केल्यावर पुन्हा तुटायला लागलं, तर वर सांगितलेलं भांडणच आहे.

`Media audio` बंद केल्यावर ऑफिसच्या फोनची गाण्यांची वाटच बड्सशी जोडली जात नाही, फक्त कॉलची राहते. टिंग, टिकटिक, म्यूट व्हिडिओ यातलं काहीच बड्सपर्यंत पोहोचत नाही, पण साधा कॉल मात्र कानात वाजतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या फोनवरचे व्हिडिओ आणि व्हॉइस मेसेज आता फोनच्या स्पीकरवर वाजतील, तेही बड्स कानात असताना. माझा पहिला व्हॉइस मेसेज अख्ख्या खोलीनं ऐकला होता. इंटरनेटवरच्या कॉलचं बोलणं बड्समधून होतं, पण काही ॲपची रिंग फोनवरच वाजते. ऑफिसच्या फोनवर व्हिडिओही बड्सनेच ऐकायचे असतील तर हा उपाय करू नका. त्याऐवजी तिथले की-टोन आणि चॅटच्या नोटिफिकेशनचे आवाज बंद करा, फोन व्हायब्रेटवर ठेवा.

पुढे ऑफिसचा फोन बदलून आयफोन मिळाला तर त्यात हा बटणांचा पर्याय नाही. तिथे ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन बड्स डिस्कनेक्ट करावे लागतात. कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण दाबलं तर ते फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत तुटतं. सकाळी फोन पुन्हा जोडायला मोकळा होतो, आणि ‘काल तर ठीक होतं’ असं वाटत राहतं.

घरात आणखी कुठलं यंत्र याच बड्सना पेअर आहे का, तेही बघा. टॅब, लॅपटॉप, टीव्ही. बड्सच्या आठवणीत दोनपेक्षा जास्त यंत्रं राहतात, पण एका वेळी जोडली जातात दोनच. डबी उघडल्यावर बड्स साधारणपणे शेवटी जोडलेल्यांना आधी शोधतात. रात्री टॅबवर सिनेमा पाहिला असेल, तर सकाळी घरातून निघताना एक जागा टॅबनं घेतलेली असते आणि तुमचा फोन बाहेर राहतो. टॅबवरून बड्सची नोंद `Forget` करा, किंवा सिनेमा संपला की डबी बंद करण्याआधी फोन पुन्हा जोडा. मल्टिपॉइंट नसलेल्या बड्सनाही हीच युक्ती लागू पडते.

रीसेटनं फक्त ही आठवण पुसली जाते. फोन टिंग वाजवायचे थांबत नाहीत, म्हणून पुन्हा दोन्ही पेअर केल्यावर तुमच्याकडे तेच सुरू झालं. आता रीसेट नको, आधी `Media audio` बंद करून एक दिवस वापरून पाहा. तरीही तुटलं तर त्या क्षणी ऑफिसच्या फोनवर काय चालू होतं ते इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.