जुन्या साहेबांचा नंबर द्यायच्या आधी

"जुनी नोकरी सोडून दोन वर्षं झाली. आता एका शेतकरी कंपनीत खरेदी केंद्राच्या सुपरवायझरसाठी अर्ज केला, तर त्यांनी रेफरन्स मागितला. जुन्या साहेबांचा नंबर सरळ देऊन टाकू का? त्यांना काय सांगून ठेवायचं?"

भाऊ, आधी फोन करा, मग नंबर द्या. पण "नाव देऊ का सर?" एवढंच विचाराल तर कोणीही हो म्हणते. "खरेदीच्या कामाबद्दल माझ्याविषयी खात्रीनं बोलता येईल का?" असं विचारा. आढेवेढे घेतले तर दुसरं नाव शोधा.

माझं घोडं अडलं होतं ते जुन्या संस्थेच्या मुख्य कार्यालयात. मी हंगामभर सोयाबीनची खरेदी पाहायचो, पण नेमणूकपत्रात पद "क्षेत्र सहायक". नव्या कंपनीनं तिथं मेल टाकला, तर उत्तरात फक्त तारखा आणि पदनाम. त्यांना वाटलं, हा फुगवून सांगते. कार्यालयाला विनवलं, तर म्हणे "कागदावर आहे तेच सांगू." पुष्कळ ठिकाणी तसा नियमच असतो म्हणा, पण निदान "कामाबद्दल वरिष्ठांना विचारा" एवढी ओळ लिहायला काय जात होतं? म्हणून नव्या लोकांना आधीच सांगून ठेवा: पद हे, प्रत्यक्ष काम हे, ऑफिस तारखा सांगेल, कामाचं साहेब सांगतील.

आता साहेबांचं. त्यांना माझ्या गावबैठकाच आठवत होत्या. "पोरगा चांगला, गावात ओळखी आहेत" हे ऐकून वजनकाट्यावर कोण बसवणार? मग मी व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली आणि खाली लिहिलं:

"सर, इथं ओलावा तपासणं, वजन आणि शेतकऱ्यांचे चुकारे पाहायचे आहेत. 12 टक्क्यांच्या वर ओलावा लागला म्हणून आपण ओळखीच्या माणसाचा माल परत पाठवला होता, तो प्रसंग तुमच्यासमोरचा आहे. चुकारे बँकेतून व्हायचे, मी फक्त यादी करायचो. रोख हाताळली का विचारलं तर नाही म्हणा."

शेवटची ओळ महत्त्वाची. जे केलं नाही तेही सांगून ठेवा, नाहीतर प्रेमापोटी साहेब "सगळं तोच पाहायचा" म्हणून मोकळे होतात आणि मुलाखतीतल्या तुमच्या उत्तराशी ताळमेळ बसत नाही. गुणांची विशेषणं मात्र लिहून देऊ नका, पाठ केलेलं लगेच कळते. तुमची उणीव काय सांगतील तेही विचारून घ्या, मुलाखतीत तोच प्रश्न येतो.

हे सगळं संस्था, कंपन्यांपुरतं. सरकारी भरतीचं गणित वेगळं. आणि हो, साहेब शिवारात फिरतीवर असले की रेंज नसते, अनोळखी नंबर तर ते उचलतच नाहीत. फोन कोणाचा, कधी येणार ते कळवा, आणि संध्याकाळी सातनंतरची वेळ मागून घ्या.