सीआर लिहायला बसशील तेव्हा

प्रिय मित्रा,

पहिल्यांदाच प्रतिवेदन अधिकारी झालास आणि सात जणांचे वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे सीआर, पुढ्यात आहेत, असं फोनवर म्हणालास. जागा तीन ओळींची, प्रतवारीही ठरलेली, मग त्यात लिहायचं तरी काय, असा तुझा प्रश्न. मला विचारशील तर तीन ओळी पुष्कळ झाल्या. आपण त्या वाया घालवतो, एवढंच.

मीही घालवल्या आहेत. माझ्या हाताखाली सेवानिवृत्तीची प्रकरणं पाहणारा एक लिपिक होता. त्याच्या अहवालात मी लिहिलं, ‘काम समाधानकारक. वागणूक चांगली. मेहनती कर्मचारी.’ आणि प्रतवारी दिली ‘अ’. पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी ती ‘ब’ केली. मी रागावून केबिनमध्ये गेलो, तर साहेबांनी माझाच शेरा मला वाचून दाखवला. ‘समाधानकारक’ म्हणजे अ कसा, सांगा! माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर त्या वर्षी त्याने 19 पैकी 18 प्रकरणं वेळेत महालेखापालांकडे पाठवली होती. उरलेलं एक सेवापुस्तकातल्या जुन्या वेतननिश्चितीच्या चुकीमुळे अडलं होतं, आणि ती चूकही त्यानेच शोधून काढली होती. मी लिहायला हवं होतं ते असं: ‘19 पैकी 18 सेवानिवृत्ती प्रकरणे मुदतीत सादर. उर्वरित प्रकरणातील वेतननिश्चितीची चूक स्वतः शोधून दुरुस्तीस पाठवली. टिपणीत नियमाचा आधार देतो. संगणकावर मात्र इतरांवर अवलंबून.’ याही तीनच ओळी. शेवटचं वाक्य त्याच्या विरोधात जात नाही. उलट, लिहिणाऱ्याने माणूस पाहिलाय हे त्यावरूनच कळतं.

गुळमुळीत ‘चांगला’ निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नसतो. देवदत्त या सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यात नेमकं हेच घडलं होतं. पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता, एका वर्षी ‘चांगला’ मिळाला आणि ते त्यांना कोणी कळवलंच नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नोंद बरी असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तेव्हा तू लिहिलेलं तो वाचणार, हे धरूनच लिही.

प्रतिकूल लिहायचं असेल तर आधी स्वतःचं दप्तर तपास. ‘उशिरा येतो’ असं लिहिणार असशील, तर वर्षभरात त्याला ज्ञापन दिलं होतंस का? हजेरीपटावर लाल शेरा आहे का? काहीच नसेल तर तो राग झाला, मूल्यमापन नव्हे. सचोटीच्या रकान्यात तर कुजबुजीवरून एक अक्षरही लिहू नकोस.

आणि मार्चअखेरीस आठवायला बसू नकोस, आपल्याला फेब्रुवारीतलं भांडणच तेवढं आठवतं. दर महिन्याला डायरीत प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ टाकत जा.

एखादा मसुदा पाठवायचा असेल तर पाठव, पण नाव खोडून. गोपनीय आहे तो.

तुझा,
जुना साहेब