परदेशातल्या मराठी कुटुंबातल्या मुलांची नावं

प्रश्न: कादंबरीतलं मराठी कुटुंब न्यू जर्सीत राहतं. दोन मुलांना कोणती नावं देऊ? मुळं जपायची आहेत, पण शाळेत उच्चार सोपा हवा.

उत्तर: दोघांना एकाच मापाची नावं देऊ नका. मोठा मुलगा पुण्यात जन्मला असेल, तर तो खुशाल अथर्व असू द्या. तेव्हा आईवडिलांच्या मनात परदेश नव्हता. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या शाळेत हजेरीला तो ‘अथार्वा’ होईल आणि शेवटच्या ‘आ’मुळे कुणी त्याला मुलगीही समजेल. आदित्यचंही थोडंफार असंच होतं.

मुलगी तिथेच जन्मलेली, म्हणून आईवडील विचार करून ‘इरा’ निवडतील. दोनच अक्षरं, ळ नाही, जोडाक्षर नाही. पण आय-आर-ए लिहिलं की अमेरिकन शिक्षिका ‘आयरा’ वाचणार, आणि ते तिकडे पुरुषाचं नाव आहे! म्हणजे नाव पक्कं करण्याआधी त्याचं रोमन स्पेलिंग कागदावर लिहून अनोळखी डोळ्यांनी वाचा. मीरा, रोहन, नील यांना हा त्रास जवळजवळ नाही.

मुळं नेहमीच्या हाकेतच असायला हवीत असं नाही. बारशाला आत्याने व्हिडिओ कॉलवरून कानात सांगितलेलं पाळण्यातलं नाव आजीचं असू शकतं, मृणालिनीसारखं. शिवाय मधलं नाव वडिलांचं. वर्गात मैत्रीण विचारेल, “तुझ्या नावात सुहास कोण?” तिथे तुम्हाला अख्खा प्रसंग मिळतो.