तापात उपाशी राहावं का?

सर्दीत भरपूर खा आणि तापात उपाशी राहा, असं म्हणतात. ते खरं आहे का?

नाही, मुद्दाम उपाशी राहू नका. पण भूक नसेल तर एक-दोन दिवस जबरदस्तीनेही खाऊ नका. संसर्गाशी लढताना शरीरातली रसायनंच भूक मारतात. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की ऊर्जेची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते, घामावाटे पाणीही जातं. म्हणून खरी काळजी पाण्याची: लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर पाणी कमी पडतंय. २०१६ साली येल विद्यापीठाच्या प्रयोगात जिवाणूसंसर्ग झालेले उंदीर ग्लुकोज दिल्यावर दगावले, फ्लूचे मात्र तरले. पण उंदरांवरून माणसाचं पथ्य ठरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवण टाळण्याआधी डॉक्टरांना विचारावं, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.