वॉर्डात शांत असलेला रुग्ण आणि मुदतवाढीचा अहवाल

*मी एका खासगी मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहे. बहिणीच्या अर्जावरून कलम ८९ खाली दाखल झालेल्या ३१ वर्षांच्या रुग्णाचा आज २४ वा दिवस. मुदत वाढवायची आहे, पण वॉर्डात तो बारा दिवस शांत आहे आणि "घरी सोडा" म्हणतोय. गावात उपचारांची काहीच सोय नाही, हे मुख्य कारण लिहिलं तर चालेल का? मागे एका अहवालावर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने "मोघम" असा शेरा मारला होता. माझं टिपण सोबत जोडलंय.*

डॉक्टर, ते मुख्य कारण लिहिलंत तर अहवाल तिथेच पडेल. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९० मध्येच म्हटलंय की, राहत्या ठिकाणी सेवा नाहीत एवढ्यासाठी कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही.

आता "मोघम" चं. कलम ८९ मध्ये धोका "नुकताच" दिसलेला असला की दाखल करता येतं. तीस दिवसांपुढे कलम ९० लागू होतं आणि तिथे तोच धोका "काही काळ सातत्याने" दिसायला हवा. बहुतेक अहवाल इथेच फसतात, कारण दाखल करतानाचा मजकूरच पुन्हा उतरवलेला असतो. तुमच्या टिपणातही वर "रुग्ण हिंसक व धोकादायक" एवढंच आहे, आणि खरा ऐवज खाली बहिणीच्या जबाबात दडलाय. दोन वर्षांत तीनदा गोळ्या सुटल्या. तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत "शेजारी विष घालतो" हा संशय सुरू झाला. दुसऱ्या वेळी त्याने आईला खोलीत कोंडलं, तिसऱ्या वेळी कोयता घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेला. हे महिन्यांसकट, कोणी पाहिलं त्यासकट वर आणा. सातत्य यातूनच दिसतं, विशेषणांतून नाही.

बारा दिवसांची शांतता लपवू नका. मंडळात मानसोपचारतज्ज्ञ असतात, ते नर्सिंगच्या नोंदी मागवतात. उलट असं लिहा: "बारा दिवस आक्रमकता नाही. मात्र गोळ्या नर्ससमोर दिल्या जातात. १९ व्या दिवशी त्याने गोळी गालात धरून नंतर थुंकल्याची नोंद आहे. शेजाऱ्याबद्दलचा संशय कायम असून, घरी गेल्यावर 'त्याला बघून घेईन' असं त्याने काल सांगितले." आजची शांतता कशावर उभी आहे, हे या वाक्यांत कळतं.

"घरी सोडा" हा निर्णयक्षमता नसल्याचा पुरावा धरू नका. निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं होत नाही, हे कलम ४ स्पष्ट सांगतं. औषध थांबलं तर काय होईल हे त्याला विचारा आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. "मला काही झालेलंच नाही, विष बंद झालं की बरा होईन" असं तो म्हणाला असेल, तर ते एक वाक्य तुमच्या परिच्छेदापेक्षा जड ठरेल.

पर्यायांच्या रकान्यात "अन्य पर्याय नाही" लिहिण्याची सवय सोडा. प्रत्येक पर्याय आधी वापरला होता का, कुठे अडला आणि तो कधी शक्य होईल, हे मंडळाला हवं असतं. बहिणीने घरी गोळ्या दिल्या होत्या, पण ती दिवसभर कामावर असते आणि आई त्याला घाबरते, हे लिहा. महिन्याचं डेपो इंजेक्शन तुम्ही २० व्या दिवशी सुरू केलंत. ते लागू पडलं तर गोळ्या थुंकण्याचा प्रश्नच उरत नाही आणि घरी जाण्याचा रस्ता तिथूनच निघतो. कलम ९१ खाली अटींवर चार दिवसांची रजा देऊन पाहता येते. हाफ-वे होमला विचारलं असेल तर कधी आणि काय उत्तर आलं, तेही द्या. गावातली अडचण इथे, नियोजनाचा भाग म्हणून मांडा: इंजेक्शन कोण देणार, कोणत्या ओपीडीत, बस किती वाजता. समाजात उपचारांचा असा आराखडा मंडळ मागू शकतं, मग आधीच जोडलेला बरा.

कायदा पहिल्या खेपेला ९० दिवसांपर्यंत परवानगी देतो, म्हणून ९० मागू नका. मी तुमच्या जागी ४५ मागेन: दुसरा डोस, त्यानंतर रजा, मग डिस्चार्ज. मधे दर पंधरवड्याला क्षमतेची तपासणी आहेच. त्यात तो स्वतः निर्णय घेऊ लागलेला दिसला, तर उरलेले दिवस मोजत बसू नका.

एक तातडीचं. कलम ८९ ला दुसरं प्रमाणपत्र एमबीबीएस डॉक्टरचं चालतं, ९० ला दोन्ही मानसोपचारतज्ज्ञांची लागतात, तीही मागच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासून दिलेली. तुम्ही एक झालात. जिल्ह्यातून दुसरे तज्ज्ञ उद्याच बोलवा आणि त्यांना तुमचा मसुदा दाखवू नका. दोन प्रमाणपत्रांत वाक्यं जुळली की रुग्णाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.