कृतिसंशोधनाची तीन चक्रं आधीच कशी ठरवायची?

प्रश्न: एम.एड.चा लघुप्रबंध आहे, ऐरोलीत चौथीचा एकच वर्ग मिळालाय. गाइड म्हणतात तिन्ही चक्रांचा आराखडा आत्ताच द्या. पण दुसऱ्या चक्रात काय करणार हे आत्ता कसं सांगू? आणि एक चक्र किती दिवसांचं धरायचं?

उत्तर:

पहिलं चक्र तासिकेनुसार पूर्ण लिहून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या चक्राचे फक्त आठवडे द्या, आणि कोणती माहिती बघून पुढची कृती ठरवणार ते लिहा. गाइड अडून बसले तर केमिस आणि मॅक्टॅगर्टची आकृती पुढे ठेवा. त्यात चिंतनानंतरचा टप्पा 'सुधारित नियोजन' असा आहे. तो जूनमध्येच लिहून टाकला तर सुधारणार काय? माझ्या गाइडना हे पटायला दोन भेटी लागल्या.

हे कसं घडतं ते माझ्या वर्गावरून सांगते. कळव्याची मराठी शाळा, इयत्ता चौथी, पटावर 36 मुलं. विषय हातच्याची वजाबाकी, त्यातही दशकाच्या जागी शून्य असलेली. मी आधी शीर्षक 'शैक्षणिक साहित्याची परिणामकारकता अभ्यासणे' असं घातलं होतं. असं शीर्षक दिलंत की परीक्षक नियंत्रित गट मागतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तो प्रयोग होतो. मग बदलून 'चुका कमी करण्यासाठी' केलं.

सुरुवातीच्या चाचणीत मी गुण मोजले नाहीत, चुका वाचल्या. 403 − 178 घ्या. उत्तर 225. माझ्या वर्गात तीन चुकीची उत्तरं पुन्हा पुन्हा येत होती, आणि प्रत्येकामागे वेगळं कारण होतं. 375 लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं, वरचा-खालचा बघतच नाही. 135 लिहिणारं मूल एककासाठी थेट शतकाकडे जातं, 4 चे 3 करतं पण एककाला दहाच देतं, मग दशकासाठी पुन्हा शतकातून घेतं. मधल्या मधे 90 हरवतात. आणि 325 लिहिणाऱ्याने शून्याचे 9 केले, पण 4 तसाच ठेवला. चाचणीत अशी चार उदाहरणं होती. एकच चूक किमान दोनदा झाली तरच ते मूल त्या प्रकारात धरायचं, असं आधीच ठरवलं, नाहीतर निष्काळजीपणाही चूक म्हणून मोजला जातो. चारही चाचण्यांना हजर असलेली 28 मुलंच हिशोबात घेतली. त्यांत 375 वाली 9 होती, 135 वाली 11 आणि 325 वालं एक.

पहिल्या चक्रात आठ तासिका खोट्या नोटा वापरल्या: शंभराच्या, दहाच्या आणि रुपयाची नाणी. चार-चारचे गट, एकाने 'बँक' व्हायचं. शेवटी तीच घडण पण वेगळे आकडे, म्हणजे 502 − 267 वगैरे. तीच चाचणी पुन्हा देऊ नका, मुलांना उत्तरं पाठ असतात. 375 वाली 9 वरून 2 वर आली. 135 वाली मात्र 11 ची 10.

चाचणी एवढंच सांगते. पुढे काय करायचं ते मला रोजनिशीतून मिळालं. तासिका संपली की दहा मिनिटांत, स्टाफरूममध्ये न जाता, पाच-सहा ओळी लिहायचे. संध्याकाळी लिहिलं की 'मुलांनी उत्साहाने सहभाग घेतला' छापाचं काहीतरी उतरतं, त्याचा उपयोग शून्य. पाचव्या दिवशीची माझी नोंद अशी होती: 'नोटांनी बरोबर, वहीत 135. विचारलं तर म्हणाला, ते नोटांचं आहे, हे गणित आहे.' शेजारच्या वर्गाच्या बाई दोन तासिकांना मागे बसल्या होत्या. त्यांनी टिपलं की प्रत्येक गटात नोटा एकाच मुलाच्या हातात असतात, बाकीचे बघतात. रोजनिशी, वह्या आणि बाईंची टिपणं तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवत होती.

म्हणून दुसऱ्या चक्रात साहित्य तेच ठेवलं, रीत बदलली. जोड्या केल्या. एकाने नोट मोडायची, दुसऱ्याने त्याच क्षणी वहीत आकडा खोडून नवा लिहायचा, पुढच्या उदाहरणाला कामं उलटी. सहा तासिका. एका चक्रात एकच गोष्ट बदला. मला खेळ आणि व्हिडिओही घालायचा मोह झाला होता, पण मग फरक कशामुळे पडला हे मीच सांगू शकले नसते.

135 वाली 10 वरून 3 वर आली. मी खूश. मग 325 वाली मोजली तर एकाची 6 झाली होती! 'शून्य आलं की नऊ' असा नियमच मुलांनी करून घेतला होता. जून महिन्यात हे मला कुठल्या आराखड्यात लिहिता आलं असतं? तिसऱ्या चक्रात चारच तासिका घेतल्या. नोटा बंद. मोडणं तोंडाने बोलायचं, 'शंभर मोडले, नव्वद इथे, दहा तिथे', आणि प्रत्येक उत्तर बेरजेने तपासायचं. 325 अधिक 178 म्हणजे 503, आपल्याकडे तर 403 होते, असं मुलांनीच पकडलं. शेवटी 325 वाली दोन उरली. ती दोन मुलं प्रबंधात तशीच दाखवा, लपवू नका. मौखिक परीक्षेत मला सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्यावरच आले आणि उत्तरं देता आली, कारण त्यांच्या वह्यांच्या प्रती जवळ होत्या.

आता दिवस. शिकवण्याचे दोन आठवडे, आणि चक्र संपल्यावर एक आठवडा पूर्ण रिकामा. हा आठवडा सगळेजण विसरतात. शुक्रवारी चाचणी आणि सोमवारी दुसरं चक्र सुरू केलं तर चिंतन नावापुरतंच उरतं, 36 वह्या वाचायलाच चार दिवस जातात. जूनमध्ये पट स्थिर नसतो, म्हणून पहिलं चक्र जुलैच्या मध्यावर सुरू करा आणि गणपतीच्या आत संपवा. आपल्याकडे गणपतीला अर्धा वर्ग कोकणात गावाला जातो, दहा-बारा दिवस हजेरीवर विसंबता येत नाही. दुसरं चक्र गणपतीनंतर, प्रथम सत्राच्या संकलित मूल्यमापनाआधी. तिसरं दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, कारण डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि गणिताची तासिका पहिली जाते. दिवाळीनंतर शिकवण्याआधी दोनच उदाहरणं देऊन बघा, सुट्टीत काय टिकलं तेही कळतं.

मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र आणि पालकांची संमती पहिल्या चाचणीच्या आधीच्या तारखेची हवी. मुलांना नावाऐवजी क्रमांक द्या, पण हजेरीपटावरचा तोच नको, तो कोणीही जुळवून बघू शकतं.

टी-परीक्षिका लावायचा आग्रह झाला तर परिशिष्टात टाका. सरासरी गुण माझेही वाढले होते, पण 325 चं काय झालं ते त्या सरासरीत कुठेच दिसत नव्हतं.